पुसलेले पत्र कुठे असते?



ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला तळवलीसारखी जुनी गावठाणे आणि दुसऱ्या अंगाला औद्योगिक विकास महामंडळाचे कारखाने, अशी या भागाची वस्ती आहे. त्या कारखान्यांतील लहान घटकांचा बहुतेक सारा व्यवहार, म्हणजे मागणीपत्रे, यंत्रभागांची रेखाटने, बिले आणि बँकेचे तपशील, आज एखाद्या ईमेलच्या पेटीत आणि तिला जोडलेल्या फोल्डरांत साठवलेला असतो. अशा पेटीत परका माणूस शिरला आणि निघून गेला, तर हानी दोन प्रकारची होते. त्याने जे वाचले ते परत घेता येत नाही. ते एकदाचे गेले. त्याने जे पुसले त्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण ते बहुतेक वेळा काही ठरावीक दिवस कुठेतरी शिल्लक असते आणि ते कुठे व किती दिवस शिल्लक असते हे जाणणाऱ्याला परतही मिळते. आजच्या व्याख्यानाचा विषय या दुसऱ्या हानीपुरताच मर्यादित आहे.

सुरुवात एका शब्दापासून करणे आवश्यक आहे. पत्र 'गेले' असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा नेमके काय झालेले असते? या एका क्रियापदामागे चार निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात. पहिल्या अवस्थेत पत्र पुसलेलेच नसते, फक्त नजरेआड केलेले असते. दुसऱ्या अवस्थेत ते कचरापेटीत, म्हणजे ट्रॅशमध्ये, पडलेले असते. तिसऱ्या अवस्थेत कचरापेटीही रिकामी केलेली असते, पण सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या साठ्यात ते काही दिवस राखून ठेवलेले असते आणि पेटीच्या मालकाला ते दिसत नसले तरी व्यवस्थापकाला किंवा कंपनीला ते उचलता येते. चौथ्या अवस्थेत तो साठाही संपलेला असतो आणि मग पत्राची दुसरी प्रत जगात अन्यत्र कुठे आहे का, एवढाच प्रश्न उरतो. घाबरलेल्या माणसाला चारही अवस्था सारख्याच दिसतात, कारण चारही वेळा समोरची पेटी रिकामी असते. म्हणूनच पेटी रिकामी दिसताच ती कोणत्या अवस्थेतली आहे हे ओळखणे, हे पहिले काम ठरते.

पहिली अवस्था वाटते त्याहून फार अधिक वेळा आढळते. पैशांच्या फसवणुकीसाठी शिरलेल्या माणसाला बहुधा पेटी रिकामी करायची नसते. मालकाला काही ठरावीक पत्रे दिसू नयेत, एवढेच त्याला हवे असते. त्यासाठी तो पेटीत एक नियम बसवतो. जीमेलमध्ये अशा नियमाला फिल्टर म्हणतात, तर आउटलुकमध्ये रूल. अमुक ग्राहकाकडून आलेले किंवा 'पेमेंट', 'इनव्हॉइस' असे शब्द असलेले पत्र आले, की ते आवकपेटीत न थांबता वाचलेले म्हणून खूण होऊन कचरापेटीत किंवा सहसा कोणी न उघडणाऱ्या एखाद्या फोल्डरात जावे, अशी आज्ञा त्यात लिहिलेली असते. आउटलुकमध्ये 'आरएसएस फीड्स' या नावाचा जुना फोल्डर या कामासाठी वारंवार वापरला गेला आहे, आणि नियमाला केवळ एक टिंब एवढेच नाव देऊन तो यादीत डोळ्यांना चुकेल अशी सोय केलेली आढळते. जीमेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिथे ज्याला लोक फोल्डर म्हणतात ते वास्तविक लेबल, म्हणजे पत्राला लावलेली चिठ्ठी, असते. चिठ्ठी फाडली तरी पत्र जात नाही. ते 'सर्व मेल' या ठिकाणी तसेच राहते. 'पाच वर्षांचा फोल्डर गेला' असे म्हणून हवालदिल झालेल्या माणसाची सारी पत्रे जागच्या जागी असू शकतात, मात्र त्यांचे वर्गीकरण त्याला पुन्हा करावे लागते. आवकपेटी, कचरापेटी आणि स्पॅम या सगळ्यांत एकाच वेळी शोध घेण्यासाठी जीमेलच्या शोधचौकटीत पुढील शब्द टाइप करावे लागतात. example.com च्या जागी आपल्या ग्राहकाचे डोमेन घालावे.

```
in:anywhere from:example.com
```

या शोधात पत्र सापडले, तर हानी पहिल्या किंवा दुसऱ्या अवस्थेची आहे आणि ती त्याच बैठकीत भरून काढता येते.

आता दुसरा प्रश्न. चोराला पैसे हवे असतात किंवा माहिती हवी असते; मग तो कधी कधी पत्रे पुसण्याचे कष्ट का घेतो? याचे उत्तर एका गाजलेल्या प्रकरणात स्पष्ट दिसते. एप्रिल २०११ मध्ये 'द अटलांटिक' या अमेरिकी मासिकाचे पत्रकार जेम्स फॅलोज यांच्या पत्नी डेबोरा यांच्या जीमेल खात्यात परका माणूस शिरला. माद्रिदमध्ये आपल्याला लुटले असून तातडीने पैसे पाठवावेत, असे पत्र त्यांच्या नावाने त्यांच्या सर्व परिचितांना गेले. खात्याचा ताबा त्यांना लवकरच परत मिळाला, पण आत पाहिल्यावर सुमारे सहा वर्षांची, चार गिगाबाइटहून अधिक पत्रे नाहीशी झालेली होती आणि कचरापेटीही रिकामी केलेली होती. पत्रे आणि पत्ते नाहीसे केले, की बळी पडलेल्या व्यक्तीला आपल्याच परिचितांना सावध करता येत नाही आणि लबाडीचे पत्र तेवढा वेळ खरे वाटत राहते. चोराला हवा असतो तो हा वेळ. पुसण्यामागचा हेतू हा असा असल्यामुळे चोर घाईत असतो आणि कंपनीच्या साठ्यापर्यंत त्याचा हात पोचत नाही. फॅलोज दांपत्याला सुरुवातीला पत्रे परत मिळतील याची शाश्वती नव्हती, तरीही अखेरीस गुगलकडून जवळजवळ सर्व पत्रे परत मिळाली, आणि जेम्स फॅलोज यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अंकात हे सारे सविस्तर लिहून काढले. त्यांची पेटी तिसऱ्या अवस्थेत होती; चौथ्या अवस्थेत ती अजून गेलेली नव्हती.

तिसऱ्या अवस्थेची मुदत प्रत्येक सेवेत निराळी असते, आणि येथे दिवस मोजणे अपरिहार्य आहे. जीमेलच्या कचरापेटीत पत्र ३० दिवस राहते. त्यानंतर किंवा कोणी मुद्दाम कायमचे पुसल्यानंतर, संस्थेचे सशुल्क वर्कस्पेस खाते असेल, तर संस्थेच्या व्यवस्थापकाला आणखी २५ दिवस ते परत आणता येते; वैयक्तिक खात्यासाठी मात्र गुगलकडे विनंतीचा अर्ज करावा लागतो, आणि परक्याच्या प्रवेशामुळे पत्रे गेली असतील तर गुगल तसा प्रयत्न करते, हमी देत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संस्थात्मक सेवेत कचरापेटीतूनही काढून टाकलेले पत्र 'परत मिळवण्याजोग्या वस्तू' या दडलेल्या कप्प्यात आपोआप १४ दिवस राहते, आणि व्यवस्थापकाने आधीच ठरवून ठेवले असेल तर ही मुदत ३० दिवसांपर्यंत वाढते. मायक्रोसॉफ्टचा कायमचा पुसलेला फोल्डर मात्र फोल्डर म्हणून परत येत नाही. त्यातली पत्रे सुटी सुटी परत येतात आणि मांडणी हातानेच करावी लागते. याहूच्या पेटीसाठी विनंती करण्याची मुदत अवघी ७ दिवसांची आहे. याचा अर्थ असा, की एकच घटना, एकाच दिवशी लक्षात आली तरी, एका सेवेत पूर्ण भरून निघेल आणि दुसऱ्या सेवेत मुळीच भरून निघणार नाही.

हे दिवस प्रत्यक्षात कसे मोजायचे, हे एका कल्पित उदाहरणावर पाहणे सोयीचे ठरेल. समजा, रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रभाग तयार करणाऱ्या एका लहान कारखान्याच्या हिशेबनिसाच्या वर्कस्पेस पेटीत ३ जूनला कोणी शिरले. ४ जूनपासून त्याने बसवलेल्या फिल्टरने पुण्याच्या एका ग्राहकाची पत्रे कचरापेटीत टाकायला सुरुवात केली. १२ जूनला त्याने त्याच पेटीतून ग्राहकाला 'आमचे बँक खाते बदलले आहे' असे पत्र पाठवले. १९ जूनला पैसे चुकीच्या खात्यात जमा झाल्यावर त्याने जुना सारा पत्रव्यवहार कायमचा पुसला. २४ जूनला ग्राहकाचा फोन आला आणि प्रकार उघडकीस आला. आता काय काय शिल्लक आहे? फिल्टरने ४ जूनला टाकलेले पहिले पत्र ४ जुलैपर्यंत कचरापेटीतच आहे, म्हणजे हिशेबनिसालाच ते उचलता येईल. १९ जूनला पुसलेली पत्रे हिशेबनिसाला दिसणार नाहीत, पण कारखान्याच्या व्यवस्थापकाला १४ जुलैपर्यंत ती परत आणता येतील. म्हणजे हातात २० दिवस आहेत. हीच घटना २४ जूनऐवजी २४ जुलैला उघडकीस आली असती, तर १९ जूनचा सारा पत्रव्यवहार हाताबाहेर गेलेला असता. हिशेब एवढा सोपा आहे, तरीही तो होत नाही, कारण त्या २० दिवसांतले पहिले पंधरा दिवस ग्राहकाशी वाद घालण्यात आणि चूक कोणाची हे ठरवण्यात निघून जातात.

उदाहरणातल्या कारखान्याने पहिल्या तासात काय करायला हवे? सर्वात आधी पैशांचा मागोवा, म्हणजे ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याने १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर आणि आपल्या बँकेकडे ताबडतोब तक्रार करायला हवी. त्यानंतर पेटीचे दार बंद करायला हवे; पत्रे परत आणायचे काम त्याच्या नंतरचे. हा क्रम उलटला तर काय होते? परत आणलेली पत्रे परका माणूस, किंवा त्याने बसवून ठेवलेला नियम, पुन्हा पुसतो. पासवर्ड बदलल्याने दार बंद होते असा समज सर्वत्र आढळतो आणि तो अपुरा आहे. पासवर्ड बदलला तरी फिल्टर तसाच राहतो, दुसऱ्या पत्त्यावर पत्रे आपोआप पाठवण्याची सोय, म्हणजे फॉरवर्डिंग, तशीच राहते, आणि दुसऱ्या व्यक्तीला पेटी हाताळण्याचा दिलेला अधिकारही तसाच राहतो. त्यामुळे पासवर्ड बदलणे, सर्व उपकरणांवरील सत्रे तोडणे, फिल्टर आणि फॉरवर्डिंग तपासून काढणे, पेटीला जोडलेली अनोळखी अॅप्स काढणे, पेटी परत मिळवण्यासाठी नोंदवलेला मोबाइल क्रमांक व पर्यायी पत्ता आपलाच आहे याची खात्री करणे आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करणे ही सर्व कामे एकाच बैठकीत उरकावी लागतात. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत नेहमीच्या यादीत न दिसणारे नियमही असू शकतात; ते पाहण्यासाठी व्यवस्थापकाला पुढील आज्ञा द्यावी लागते.

```
Get-InboxRule -Mailbox accounts@example.com -IncludeHidden
```

नियम सापडला की तो लगेच पुसून टाकण्याचा मोह होतो. त्याआधी त्याचे छायाचित्र घ्यावे, कारण कोणती पत्रे, कोणत्या तारखेपासून, कुठे गेली याची सर्वात खात्रीची नोंद तो नियमच असतो. पुसलेल्या गोष्टींचा नकाशा खुद्द चोरानेच काढून ठेवलेला असतो, असे म्हटले तरी चालेल.

आतापर्यंत सांगितले ते मोठ्या कंपन्यांच्या सेवांविषयी झाले. या पट्ट्यातले अनेक लहान घटक मात्र संकेतस्थळासोबत स्वस्तात किंवा फुकट मिळणारी पेटी वापरतात, आणि तिची गोष्ट वेगळी आहे. अशा पेट्या बहुधा आयमॅप या पद्धतीने चालतात, ज्यात पत्राची मूळ प्रत सर्व्हरवर राहते आणि संगणक व फोन तिचे प्रतिबिंब दाखवतात. या पद्धतीत पुसणे दोन पायऱ्यांत होते: आधी पत्रावर 'पुसलेले' अशी खूण होते, मग खूण केलेली पत्रे सर्व्हरवरून काढून टाकली जातात. दुसरी पायरी झाली, की पत्राची फाइलच नाहीशी होते. राखून ठेवण्याचा कप्पा तिथे बहुधा नसतोच. तिसरी अवस्थाच गळाली आणि पत्र दुसऱ्यातून थेट चौथ्यात गेले. मग आधार उरतो तो जागा पुरवणाऱ्याने रोज किंवा आठवड्याने घेतलेल्या बॅकअपचा, आणि जुन्या प्रतींवर नव्या प्रती चढत जात असल्याने तो मागण्यात एक दिवसाचा उशीरही महाग पडू शकतो. म्हणून जागा पुरवणाऱ्याला फोन करून पहिले वाक्य 'पत्रे गेली' असे न म्हणता 'अमुक तारखेच्या आधीची बॅकअपची प्रत बाजूला काढून ठेवा' असे म्हणावे.

पण बॅकअप म्हणजे नेमके काय? हा प्रश्न किती गंभीर आहे हे दोन घटना शेजारी ठेवल्यावर कळते. २०११ च्या फेब्रुवारीअखेरीस गुगलच्या साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमधील एका दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. गुगलने प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी ठेवलेल्या होत्या, पण दोष त्या साऱ्या प्रतींपर्यंत पोचला, कारण त्या सर्व चालू यंत्रणेला जोडलेल्या होत्या. वाचल्या त्या चुंबकीय टेपांवरच्या प्रती, ज्या जाळ्याबाहेर होत्या. त्यांवरून पत्रे परत भरण्यात आली. दुसरी घटना ११ फेब्रुवारी २०१९ ची आहे. व्हीएफईमेल या अमेरिकी ईमेल सेवेत शिरलेल्या माणसाने खंडणी मागितली नाही, काही विकायचाही प्रयत्न केला नाही. त्याने अमेरिकेतल्या सर्व्हरांच्या डिस्क एकामागून एक कोऱ्या केल्या, आणि त्यांत बॅकअपचे सर्व्हरही होते. सुमारे अठरा वर्षांची पत्रे गेली. नेदरलँड्समधील बॅकअप सर्व्हर कोरा केला जात असताना चालकांच्या लक्षात आले, म्हणून तेवढा भाग अर्धवट वाचला. गुगलची टेप वाचली आणि व्हीएफईमेलचा बॅकअप गेला, याचे कारण एकच आहे: एका प्रतीपर्यंत चालू यंत्रणेतून पोचता येत नव्हते, दुसरीपर्यंत येत होते. याच दृष्टीने आपल्या परिसराला जवळचा असा मार्च २०२१ मधला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकव्यवस्थेवरील हल्ला पाहता येतो. तो खंडणीसाठीचा होता, त्यामुळे तिथे प्रश्न फाइली पुसण्याचा नसून त्या कुलूपबंद होण्याचा होता. पण महामंडळाने त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार बॅकअपच्या फाइली जाळ्याच्या वेगळ्या भागात असल्याने बाधित झाल्या नव्हत्या.

सामान्य घटकाजवळ टेप नसते. त्याच्याजवळ एक वेगळी गोष्ट असते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही: कपाटात ठेवलेला, गेले पंधरा दिवस बंद असलेला जुना लॅपटॉप. त्यात आउटलुक किंवा थंडरबर्ड चालत असेल, तर हल्ल्यापूर्वीच्या पत्रांची प्रत त्याच्या डिस्कवर असण्याची शक्यता असते. पॉप या जुन्या पद्धतीने पत्रे उतरवून घेतलेली असतील, तर ती संगणकाची स्वतःचीच होतात आणि सर्व्हरवर पुसल्याने त्यांना धक्का लागत नाही. आयमॅप किंवा मायक्रोसॉफ्टच्या सेवेतली प्रत मात्र प्रतिबिंब असल्याने, तो लॅपटॉप इंटरनेटला जोडताक्षणी सर्व्हरवरील रिकामेपण त्यातही उतरते आणि शिल्लक राहिलेली शेवटची प्रत मालकाच्याच हातून नष्ट होते. म्हणून असा संगणक सुरू करण्यापूर्वी वाय-फाय राउटर बंद करावा, केबल काढावी, आउटलुक ऑफलाइन स्थितीत उघडून पत्रे पीएसटी फाइलमध्ये निर्यात करावीत आणि ती फाइल वेगळ्या डिस्कवर घ्यावी. यालाही मर्यादा आहे: आउटलुक पुष्कळदा मागील एक वर्षाचीच पत्रे स्थानिक प्रतीत ठेवते. खुद्द संगणकावरून पुसलेल्या फाइलींच्या बाबतीत तर आजच्या एसएसडी डिस्कांवर आशा फारच थोडी असते, कारण पुसलेली जागा मोकळी झाल्याचे डिस्कला लगेच कळवले जाते आणि डिस्क ती स्वतःहून कोरी करते. 'पुसलेली ईमेल परत मिळवून देतो' अशा जाहिरातींविषयी इथेच स्पष्ट बोलणे भाग आहे. बाहेरच्या कोणत्याही माणसाला गुगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या साठ्यात हात घालता येत नाही. अशा माणसाला पासवर्ड देणे म्हणजे दार पुन्हा उघडून देणे होय.

सर्व मार्ग संपले तरी एक मार्ग उरतो, आणि तो तंत्राचा नसून माणसांचा आहे. पत्र कधीही एकट्याचे नसते. पाठवणाऱ्याच्या पाठवलेल्या पेटीत आणि घेणाऱ्याच्या आवकपेटीत त्याची प्रत असते. ग्राहक, पुरवठादार, हिशेब तपासणारे सनदी लेखापाल, मालवाहतूक करणारी कंपनी यांची यादी करून प्रत्येकाकडून ठरावीक कालावधीतला पत्रव्यवहार मागवता येतो. तो मागवताना एक काळजी घ्यावी लागते. पत्र नेहमीसारखे फॉरवर्ड केले, तर त्याच्या शीर्षातली माहिती, म्हणजे ते कोणत्या सर्व्हरवरून कोणत्या वेळी निघाले ही नोंद, मूळ स्वरूपात राहत नाही. म्हणून जोडपत्र म्हणून, ईएमएल स्वरूपाच्या फाइलीत, ते मागवावे. प्रकरण न्यायालयात गेले, तर या फरकाला मोल येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात त्या नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेला व एका अक्षराच्या बदलानेही बदलणारा अंक, नमूद करावा लागतो. परत मिळालेली प्रत प्रथम जशीच्या तशी बाजूला ठेवून तिचे हॅश मूल्य काढावे आणि रोजच्या कामासाठी तिची दुसरी प्रत वापरावी.

राहिला तो प्रवेशाच्या नोंदींचा, म्हणजे लॉगचा, प्रश्न. कोण, कधी, कोणत्या पत्त्यावरून आत आले आणि त्याने काय पुसले हे त्यांतूनच कळते. कोणती पत्रे मागायची हेही त्यांच्यावरूनच ठरते. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत द्यायची असते आणि संगणकव्यवस्थेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. पण कल्पित उदाहरणातल्या हिशेबनिसाला जीमेलच्या पानाच्या तळाशी जी 'शेवटची खाते हालचाल' दिसते, ती मोजक्या ताज्या नोंदींची असते आणि तो स्वतः जेवढ्या वेळा पेटी उघडतो तेवढ्या त्या पुढे सरकतात. २४ जूनला फोन आल्यावर त्याने घाबरून दहा वेळा पेटी उघडली, तर परक्याची नोंद त्या यादीतून निघून जाईल; पहिल्याच वेळी त्या पानाचे छायाचित्र घेतले, तर ३ जूनच्या त्या अनोळखी पत्त्यापर्यंत पोचण्याचे एक टोक त्याच्या हाती राहील.